ताईच्या लग्नाचा फोटो आणि धाकटीची कॅप्शन: थट्टेत रडू कसं लपवायचं

धाकट्या बहिणीने लिहिलेली कॅप्शन बहुतेक वेळा मधोमध मोडते. वरच्या तीन ओळींत थट्टा असते, मग ‘असो, पण मनापासून सांगायचं तर’ येतं आणि खालच्या तीन ओळींत रडू. वाचणारा वर हसतो, मधल्या ओळीवर सावध होतो आणि खालचं न वाचता लाइक देऊन पुढे जातो. थट्टाही खरी असते, रडूही खरं असतं. फक्त दोन्ही एकापुढे एक ठेवली की दोन वेगवेगळ्या मुलींनी लिहिल्यासारखी वाटतात.

धाकटीने रडू थट्टेत लपवावं आणि नीट लपू देऊ नये, असं माझं मत आहे. ताईला आयुष्यभर उलट उत्तरं देणारी मुलगी एका दिवसात गंभीर होत नाही. ती तेच करते, फक्त त्या दिवशी आवाज जरा कापतो. तो कापरा आवाज दोन ओळींत कसा आणायचा, ते टप्प्याटप्प्याने पाहू. शेवटी तयार कॅप्शनची यादी मिळेल अशी आशा असेल, तर तशी यादी इथे नाही. नमुने बरेच आहेत, पण प्रत्येक नमुना कुठल्या फोटोला चालतो आणि का चालतो, हे सोबत आहे. ते कळलं की नमुन्यांची गरज फारशी उरत नाही.

आधी फोटो, मग शब्द

बऱ्याच जणी कॅप्शन आधी सुचवून ठेवतात आणि मग तिला शोभेल असा फोटो शोधतात. हे उलटं आहे. गॅलरीतले आठ-दहा फोटो एकामागून एक बघा आणि प्रत्येकात दोनच गोष्टी पाहा: कोण कुणाकडे बघतंय आणि कुणाचा हात कुठे आहे. सजावट, कपडे, प्रकाश सध्या बाजूला ठेवा. ज्या फोटोत नजर किंवा हात काहीतरी सांगतोय, तो कॅप्शनसाठी चांगला. तुम्ही दोघी कॅमेऱ्याकडे बघून सारखंच हसताय, तो फ्रेम करायला चांगला. त्याखाली लिहिणं मात्र अवघड जातं, कारण त्यात घडत काहीच नाही.

फोटो ठरला की एक नियम पाळा. फोटोत जे दिसतंय ते कॅप्शनमध्ये सांगायचं नाही. ‘माझी ताई किती सुंदर दिसतेय’ हे दिसतंच आहे. कॅप्शनने फोटोत न दिसणारं सांगावं: त्याआधीचा क्षण, कुणीतरी पुटपुटलेलं वाक्य, किंवा या प्रसंगामागचं बारा वर्षांचं भांडण. याचा एक फायदाही होतो. फोटो अर्धं सांगतो म्हणून तुम्हाला अर्धंच लिहावं लागतं.

हे कसं घडतं ते एका उदाहरणात बघा. ताईला मिठी मारून तुम्ही हमसाहमशी रडताय आणि ती मात्र शांतपणे तुमच्या पाठीवर थोपटतेय, असा फोटो आहे. त्याखाली एवढंच:

> ‘रडू नकोस, मेकअप बिघडेल,’ असं मीच तिला बजावलं होतं.
> तिने ऐकलं.

इथे ‘पण मी मात्र रडले’ असं पुढे लिहायचा मोह होतो. लिहू नका, ते काम फोटोने केलंय. तिसरी ओळ जोडली की विनोद समजावून सांगितल्यासारखा होतो आणि त्यातलं रडूही वाळून जातं.

कच्चा माल कुठून आणायचा

‘तू माझी बहीण नाहीस, मैत्रीण आहेस, आई आहेस, सर्वस्व आहेस’ असली वाक्यं डोक्यात सगळ्यात आधी येतात, कारण ती आपण शेकडो वेळा वाचलेली असतात. त्यांना अडवण्याचा उपाय म्हणजे कॅप्शन लिहायलाच न बसणं. त्याऐवजी कागद घ्या किंवा फोनवर एक कोरी नोट उघडा आणि दहा मिनिटं काही प्रश्नांची उत्तरं लिहा. वाक्यं बरी-वाईट कशीही असू देत.

ताई तुम्हाला रोज म्हणायची ते एक वाक्य कुठलं? शब्दशः लिहा, तिच्याच सुरात. तिची कुठली वस्तू तुम्ही न विचारता वापरायचात आणि तिला ते कसं कळायचं? घरी कळू नये म्हणून तिने तुमचं काय झाकलं होतं? रात्री झोपताना तुमच्यात कशावरून वाद व्हायचा? ती आजारी किंवा रागावलेली असली की तुम्हाला आधी कशावरून समजायचं? आणि शेवटचा, जरा टोचणारा: लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी घरातला कुठला आवाज कमी होणार आहे?

उत्तरं लिहून झाली की त्यातली विशेषणं खोडा. प्रेमळ, काळजी घेणारी, समजूतदार, भक्कम, सगळी. उरतील त्या क्रिया आणि वस्तू: दिवा कोण बंद करायचं, चार्जर कुणी लपवला, परीक्षेच्या आदल्या रात्री कोण जागं राहिलं. ‘ती माझी खूप काळजी घ्यायची’ यावर कुणाचेच डोळे भरून येत नाहीत. ‘मी उशिरा आले की दार वाजवायच्या आत ती कडी काढायची’ यावर येतात. आणि गंमत अशी की थट्टासुद्धा याच वस्तूंमधून निघते. त्याच कडीवरून पुढे असंही लिहिता येतं:

> रात्री उशिरा आले की दाराची कडी आवाज न करता कोण काढायचं, हे आज घरच्यांना सांगून टाकते.
> कारण आता पुढच्या वेळी पकडलीच जाणार आहे.

ही कॅप्शन सहज हसवते. तरीही तिच्यात घरातून ताई जाणार आहे हे आहेच, फक्त शब्दांत नाही. ‘पकडलीच जाणार’ या दोन शब्दांमागे ते उभं आहे.

कुणाशी बोलताय, ते एकदा ठरवा

कॅप्शन चार जणांना उद्देशून असू शकते: ताईला, जिजूंना, सगळ्या वाचणाऱ्यांना, किंवा कुणालाच नाही, म्हणजे आपल्याशीच. मध्येच माणूस बदलला की वाक्य डळमळतं. ‘माझी ताई खूप भांडायची, पण तू नेहमी माझ्या पाठीशी होतीस’ या ओळीत ती आणि तू दोघी आल्या. बोलताना हे खपतं, लिहिल्यावर खटकतं.

‘तू’ जवळचं असतं आणि त्यात रडू लवकर येतं. म्हणून ‘तू’ घेतलंत तर शब्द जास्त कोरडे ठेवा. ‘ती’ घेतलंत की आपोआप गोष्ट सांगितल्यासारखा सूर लागतो आणि थट्टेला मोकळी जागा मिळते. वरची मेकअपची ओळ म्हणूनच ‘ती’मध्ये आहे. ‘तू रडली नाहीस’ असं तिला सांगण्यात काही मजा नाही, ते तिला माहीतच आहे.

जिजूंना उद्देशून लिहिणं हा मला सगळ्यात आवडणारा आणि सगळ्यात कमी वापरला जाणारा मार्ग. नवरा-नवरी दोघांचा फोटो असेल तर तोच वापरा. मात्र ‘माझ्या ताईला त्रास दिलात तर माझ्याशी गाठ आहे’ ही धमकी टाळा. ती इतक्या जणींनी दिलीय की कुणी घाबरत नाही आणि कुणी हसतही नाही. धमकीऐवजी माहिती द्या. ताईबद्दलची ती माहिती, जी फक्त तुमच्याकडे आहे:

> जिजू, ती ‘काही नाही झालं’ म्हणाली की दहा मिनिटं थांबा, मग सगळं सांगते.
> हे कळायला माझं अख्खं लहानपण गेलं. तुम्हाला फुकटात देतेय.

‘फुकटात देतेय’मध्ये चेष्टा आहे, आणि ताईची किल्ली दुसऱ्याच्या हातात देणंही आहे. घरात जिजूंना तुम्ही अरे-तुरे करत असाल तर इथेही तसंच लिहा, अहो-जाहो करत असाल तर तसं. कॅप्शनपुरता सूर बदलला की ताईला ते पहिल्या ओळीत कळतं.

एक कॅप्शन पहिल्यापासून शेवटपर्यंत

आता एका फोटोवर सगळी प्रक्रिया करून बघू. समजा फोटो असा आहे: ताई आरशासमोर बसलीय, तयारी जवळपास झालीय. धाकटी मागे उभी राहून तिचा पदर नीट लावतेय आणि धाकटीच्या ओठांत सेफ्टी पिना धरलेल्या आहेत. ताई आरशातून तिच्याकडे बघतेय, काहीतरी बोलतेय. धाकटीची नजर खाली, पिनेवर.

पहिल्या खर्ड्यात जे येतं ते असं: ‘लाडक्या ताईला नव्या आयुष्याच्या खूप खूप शुभेच्छा. तुझ्याशिवाय घर सुनं सुनं वाटेल. तू नेहमी अशीच हसत राहा.’ धाकटीने हे मावसबहिणीला पाठवलं तर तिचं उत्तर काय येईल? ‘छान आहे. माझ्या ताईच्या वेळी मी हेच टाकते.’ हीच या खर्ड्याची परीक्षा आणि हाच निकाल. जी कॅप्शन दुसऱ्या बहिणीच्या फोटोखाली एक शब्द न बदलता चालते, ती अजून लिहिलेलीच नाही.

दुसऱ्या खर्ड्यात धाकटी उलट्या टोकाला जाते: ‘अखेर खोली माझी! कपाट माझं! आरसा माझा!’ यात जीव आहे, पण तीन उद्गारचिन्हांमुळे सगळं ओरडून सांगितल्यासारखं झालंय. शिवाय खोली मिळाल्याचा विनोद प्रत्येक धाकटी करते. वाईट नाही, जुना आहे. आणि फोटोत तर धाकटी मान खाली घालून, इतक्या मन लावून पिन लावतेय की खोली मिळाल्याचा आनंद तिच्या चेहऱ्यावर कुठेच दिसत नाही. शब्द आणि फोटो दोन वेगळ्या गोष्टी बोलतात आणि त्या दोन्हींमधून तिसरं काही निघतही नाही.

तिसऱ्या खर्ड्यात ती दोन्ही एकत्र करते: ‘रोज आरशासाठी भांडलो, आज तो आरसा तुलाच दिला. जोक्स अपार्ट, तू नसशील तर मी कुणाशी भांडू?’ पहिलं वाक्य चांगलं आहे. ‘जोक्स अपार्ट’ने त्याचा जीव घेतला. थट्टा संपली आणि आता खरं सुरू होतंय, अशी पाटी लावली की आधीचं सगळं खोटं ठरतं. ‘मस्करी सोड’, ‘असो’, ‘पण खरं सांगू का’ ही सगळी त्याच पाटीची रूपं. खर्ड्यात असलं काही दिसलं की ते खोडा आणि त्याच्या पुढचं वाक्यही खोडून बघा. दहातल्या नऊ वेळा गरज नसते.

मग ती परत फोटोकडे जाते. नजर आणि हात. ताई बोलतेय, धाकटी गप्प आहे. ही धाकटी गप्प? घरात जिचं तोंड कधी बंद नसतं ती? तोंडात पिना आहेत म्हणून. पण खरंच तेवढ्यासाठीच? इथे कॅप्शन सापडली. थट्टा आणि रडू एकाच वस्तूत आहेत, त्या पिनांमध्ये. चौथा खर्डा: ‘आयुष्यात पहिल्यांदाच ताई बोलत होती आणि मी उलट उत्तर दिलं नाही, कारण माझ्या तोंडात पिना होत्या. पण खरं म्हणजे बोलले असते तर रडू आलं असतं.’

माल बरोबर आहे, वाक्यं लांब आहेत आणि शेवट सगळं उघडं करतो. आता कापायचं. ‘आयुष्यात पहिल्यांदाच’ गेलं. ‘उलट उत्तर’ही गेलं, ‘गप्प’ या एका शब्दात ते येतं. आणि शेवटची कबुली जशीच्या तशी द्यायच्याऐवजी ती नाकारल्यासारखी दिली:

> ताई, तोंडात पिना होत्या म्हणून मी गप्प होते.
> सगळ्यांना हेच सांगितलंय.

दुसऱ्या ओळीवर वाचणारा क्षणभर थांबतो. ‘सगळ्यांना हेच सांगितलंय’ म्हणजे खरं कारण वेगळं होतं. ते काय, हे कॅप्शन सांगत नाही, पण ताईला नक्की माहीत आहे. बाकीच्यांना फोटोतली खाली झुकलेली मान सांगते. ‘आय लव्ह यू’ नाही, ‘मिस यू’ नाही, शुभेच्छा नाहीत. शुभेच्छा द्यायला बाकीचे दोनशे जण आहेतच.

मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येतं, त्याचा इथे उपयोग झाला. ‘सांगितलंय’ हा शब्द शेवटी आल्यामुळे वजन त्याच्यावर पडतं. ‘सगळ्यांना मी हेच सांगितलंय ना गं ताई’ असं केलं तर तेच वजन विरून जातं. शेवटच्या शब्दानंतर काहीही न येऊ देणं, ही या प्रकारच्या कॅप्शनमधली निम्मी कारागिरी आहे.

विरामचिन्हं आणि इमोजी, थोडक्यात

कोरड्या चेहऱ्याने केलेल्या थट्टेला पूर्णविराम शोभतो. उद्गारचिन्ह म्हणजे स्वतःच्याच विनोदावर आधी हसणं. तीन टिंबं म्हणजे ‘इथे भावुक व्हा’ अशी सूचना. दोन्ही काढून वाचा आणि फरक बघा.

इमोजी आधी पूर्ण काढा. त्यांच्याशिवाय कॅप्शन पोहोचत असेल, तर शेवटी एक ठेवायला हरकत नाही. पोहोचत नसेल तर अडचण शब्दांत आहे, रडक्या चेहऱ्यांची रांग ती सोडवणार नाही. मी स्वतः पिनांच्या ओळीखाली एकही इमोजी ठेवणार नाही.

पहिली ओळ आणि ‘more’चा अडथळा

इन्स्टाग्रामवर कॅप्शनला २,२०० अक्षरांची मर्यादा आहे, पण फीडमध्ये साधारण पहिली १२५ अक्षरंच दिसतात. पुढचं more वर टॅप केल्याशिवाय उघडत नाही आणि बहुतेक लोक टॅप करत नाहीत. देवनागरीत ही जागा आणखी लवकर संपते, कारण काना, मात्रा, अनुस्वार आणि जोडाक्षरातलं हलन्त चिन्ह ही सगळी वेगळी मोजली जातात. ‘होत्या’ या शब्दात डोळ्याला दोन अक्षरं दिसतात, फोन सहा मोजतो. पिनांची कॅप्शन अशा मोजणीने ७०च्या आसपास जाते, म्हणजे दोन्ही ओळी न उघडता दिसतात. कलाटणी दुसऱ्या ओळीत असेल तर हे महत्त्वाचं आहे. ती more च्या मागे गेली तर लोकांना फक्त ‘तोंडात पिना होत्या’ एवढंच दिसेल.

लांब लिहायचं असेल तर जरूर लिहा, पण पहिल्या दोन ओळी अशा ठेवा की त्या एकट्या पुरेशा ठरतील. मग एक ओळ मोकळी सोडून पुढे मोठा मजकूर. ज्याला वाचायचंय तो उघडेल. आभार, फोटोग्राफरचं नाव, टॅग आणि हॅशटॅग सगळ्यात खाली. कलाटणीच्या ओळीला चिकटून मेकअप कुणी केला हे आलं की संपलंच.

अनेक फोटो एकत्र टाकणार असाल तर कॅप्शन सगळ्यांना मिळून एकच असते आणि ती पहिल्या फोटोखाली दिसते. त्यामुळे ज्या फोटोवर ओळ बेतलीय, तोच पहिला ठेवा. पाचव्या फोटोवरची कोटी पहिल्या फोटोखाली वाचून लोक गोंधळतात. स्टोरी आणि व्हॉट्सॲप स्टेटस २४ तासांत जातात आणि काही सेकंदच समोर राहतात, तिथे एकच ओळ पुरे. मेकअपवाली चालेल, पिनांवाली नाही. तिला तो एक क्षण थांबणं लागतं.

आणखी काही फोटो, आणखी काही वाटा

लहानपणीचा आणि लग्नाचा असे दोन फोटो शेजारी लावण्याची पद्धत लोकप्रिय आहे. त्याखाली ‘दिवस किती भरकन गेले’ लिहिलं जातं. त्यापेक्षा दोन्ही फोटोंत सारखं काय आहे ते शोधा. हात धरलेला असेल तर:

> डावीकडे: ती माझा हात सोडत नाहीये, मी पळून जाईन म्हणून.
> उजवीकडे: मी तिचा सोडत नाहीये. कारण तेच.

या प्रकारात ‘कारण तेच’ यापुढे एक शब्दही नको.

दोघी कॅमेऱ्याकडे बघून उभ्या आहेत आणि दुसरा फोटोच नाही, असंही होतं. तेव्हा फोटो काढतानाचा क्षण वापरा, तो फोटोत दिसत नाही पण घडलेला असतोच:

> फोटोग्राफर म्हणाला, जरा जवळ उभ्या राहा.
> एका पांघरुणात वाढलेल्यांना हेही सांगावं लागतं?

फक्त ताईचा एकटीचा, सजून शांत बसलेला फोटो असेल तर तुम्ही फोटोबाहेर कुठे होतात ते लिहा. ‘इतकी शहाण्यासारखी बसलीय की ओळखूच येईना. मग तिने हळूच मला डोळा मारला.’ हे घडलं असेल तरच लिहा, कारण डोळा मारला नव्हता हे ताईला आठवत असतं. अशा कॅप्शनमध्ये रचलेला प्रसंग पहिल्याच वाचनात पकडला जातो.

आणि फोटोत काहीच सापडलं नाही, तर मघाची नोट उघडा. रात्रीच्या दिव्याचा वाद तिथे पडलेलाच असेल:

> दिवा बंद करायला आता रोज मलाच उठावं लागणार.
> तसं आधीही मीच उठायचे. पण भांडायला तू होतीस.

ही कुठल्याही फोटोखाली चालते आणि तरीही ती एकाच बहिणीची आहे.

थट्टा कशावर नाही करायची

ही कॅप्शन तुमच्या मैत्रिणींइतकीच ताईच्या सासरची माणसं वाचणार आहेत, तिचे ऑफिसमधले सहकारी वाचणार आहेत, आणि पुढची कित्येक वर्षं दर वाढदिवसाला कुणीतरी ती वर आणणार आहे. तिचं वजन, रंग, वय, आधी आलेली किंवा नाकारलेली स्थळं, जुना मित्र, लग्नाचा खर्च, सासरचं कुणीही, यातलं काही नको. ‘शेवटी कुणीतरी पत्करलं एकदाचं’ हे घरात हसून म्हटलं जातं. स्क्रीनवर मात्र त्यातलं हसू निघून जातं आणि नुसतं वाक्य उरतं. ते वाक्य अनोळखी माणूस वाचतो तेव्हा ते ताईबद्दलचं मत होतं.

यातली एखादी गोष्ट फारच मजेदार वाटत असेल तर थट्टेची दिशा बदला आणि ती स्वतःवर घ्या. ‘ताई घोरते, जिजू सांभाळा’ यात ताई उघडी पडते. ‘ताईच्या घोरण्याची इतकी सवय झालीय की आता शांततेत मला झोप येईल का, हा प्रश्न आहे’ यात घोरणं तेच आहे, पण हसू धाकटीवर आहे आणि झोप न येण्यामागचं कारण वाचणाऱ्याला कळतं. तरीही हे आधी ताईला विचारूनच टाका. घोरण्याबद्दल लोक वाटतं त्याहून हळवे असतात.

ओळ हद्द ओलांडतेय का, हे तपासायला ती मोठ्याने वाचा आणि जिजूंची आई ऐकतेय अशी कल्पना करा. वाचताना आवाज आपोआप खाली गेला तर ती ओळ ताईला फक्त तिच्या फोनवर पाठवा. तिला ती आवडेल. बाकीच्यांना दाखवायची गरज नाही.

घरातलं कुणी नुकतंच गेलेलं असेल आणि लग्नात त्यांची आठवण निघाली असेल, तर तो विषय या कॅप्शनमध्ये ओढू नका. त्याला थट्टेचा सूर पेलत नाही. वेगळी पोस्ट करा.

टाकण्याआधी आणि टाकल्यानंतर

फोटो ताईला आधी दाखवा, कॅप्शन नाही. फोटोत ती कशी दिसतेय यावर तिचा हक्क आहे, डोळे अर्धवट मिटलेला फोटो कितीही बोलका असला तरी. कॅप्शनचं मात्र तिला नव्याने वाचायला मिळणं हेच खरं देणं आहे. फक्त तिचं एखादं गुपित त्यात असेल, तर दोन्ही दाखवा.

लग्नाच्याच दिवशी टाकायची घाई करू नका. त्या दिवशी ताईचा फोन तिच्या हातात नसतो. तुम्ही जिच्यासाठी लिहिलंत ती सगळ्यात शेवटी, शेकडो शुभेच्छांच्या खालून खणून वाचणार. दोन-तीन दिवसांनी, ती निवांत फोन घेऊन बसेल तेव्हा टाका. तोपर्यंत तुमचंही डोकं थंड झालेलं असतं आणि एखादा जास्तीचा शब्द दिसून जातो. तरीही टाकल्यावर चूक दिसलीच, तर इन्स्टाग्रामवर कॅप्शन नंतरही बदलता येते. शुद्धलेखन जरूर सुधारा. कमी लाइक आले म्हणून ओळ मात्र बदलू नका.

खाली कुणीतरी विचारेलच, ‘म्हणजे? पिनांचं काय?’ उत्तर देऊ नका, हसरा चेहरा पुरे. समजावून सांगण्याचं काम एकाच व्यक्तीचं आहे आणि ती ते बहुधा करते. ताईने खाली ‘खोटारडी, पिना मी कधीच काढून घेतल्या होत्या’ असं लिहिलं, तर ती कमेंट पिन करून वर ठेवा आणि तुमच्या दोन ओळींना हात लावू नका.